गुरुवारी चार वाजता

आमच्या ऑफिसात कोणाला काही हवं असलं की तो आधी माझ्या टेबलाशी येतो. खोल्यांचं बुकिंग, प्रोजेक्टर, किल्ल्या, पाहुण्यांचे पास, सगळं माझ्याकडे. सगळे मला ताई म्हणतात, माझ्याहून मोठे असलेलेसुद्धा. त्यामुळे मला वाटतं ते मी तोंडावर बोलते आणि कोणी मनाला लावून घेत नाही. त्या आठवड्यात मात्र माझ्या बोलण्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आम्ही शाळांसाठी बाकं, खुर्च्या आणि टेबलं बनवतो. वरच्या मजल्यावर डिझाइनचा विभाग आहे आणि त्याचे प्रमुख होते मास्तर. शाळेत कधी शिकवलं नव्हतं त्यांनी, पण कोणाचंही ड्रॉइंग हातात घेतलं की लाल पेन्सिल निघायची, म्हणून मास्तर. निवृत्तीचं वय झालं होतं. डायरेक्टरांनी त्यांना आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं, आणि मास्तरांनी उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली. थांबायचं त्यांच्या मनात होतंच. मुलाबरोबर वाढणारी एक खुर्ची त्यांनी अर्धी करून ठेवली होती. पहिलीतल्या मुलाला दिली की पाचवीपर्यंत त्याच खुर्चीवर त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं त्यांचं स्वप्न. पण विभागातल्या लोकांना आपण अजून हवे आहोत की नकोसे झालो आहोत, हे त्यांना त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. नको असू तर उगाच खुर्ची अडवून बसायचं नाही.

यातलं काहीही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण हे माहीत नसताना पुढचं सगळं नुसतं हसण्यासारखं वाटेल. आम्हीही हसलोच होतो.

सोमवारी सकाळी विभागातल्या चौघांच्या कॅलेंडरवर मास्तरांचं आमंत्रण आलं. विषय: ‘थोडं बोलायचं आहे’. गुरुवार, चार ते साडेचार. बस. कुठे बसायचं ते नाही, कशाबद्दल ते नाही, घरून काम करणाऱ्यासाठी लिंक नाही. जागेचा रकाना रिकामा आणि खालचा मजकूरही रिकामा.

सगळ्यात आधी बुवा आले. बुवा म्हणजे विभागातले ज्येष्ठ ड्राफ्ट्समन. चेहरा कायम कीर्तनाला उभं राहिल्यासारखा गंभीर.

‘ताई, मास्तरांनी गुरुवारी चारला कुठली खोली घेतलीय?’

मी बुकिंग उघडून बघितलं. ‘कुठलीच नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे घेतली नाही. त्यांना विचारा ना.’

‘विचारतो, विचारतो,’ म्हणत बुवा निघून गेले. त्यांचं विचारतो म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मग वहिनी आल्या. त्या लाकूड, पत्रा, रंग असलं सगळं सामान तपासतात. कधीकाळी त्यांचा दीर इथे कामाला होता, तो गेला आणि वहिनी हे नाव मागे राहिलं. त्यांनीही खोलीच विचारली. त्यानंतर घरकोंबड्याचा फोन. तो पोरगा आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, गुरुवार त्यातलाच. ‘ताई, लिंक तुम्ही पाठवणार का मास्तर?’ मी म्हटलं, बाबा रे, ज्याने आमंत्रण पाठवलं त्यानेच बटण दाबून लिंक जोडायची असते, मी कोण? तर म्हणाला, ‘येईल मग आयत्या वेळी.’

एव्हाना चौघांनीही आमंत्रण स्वीकारलं होतं. आमच्याकडे रीतच तशी. वरून आमंत्रण आलं की आधी ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबायचं, विचार मागाहून. न दाबलं तर आपण टाळाटाळ करतोय असं दिसतं, आणि दाबल्यावर ‘कुठे’ विचारलं तर न वाचताच दाबलं असं दिसतं. अशी ही दोन्हीकडून अडकित्त्यात सुपारी.

शेवटी धाकटी आली. विभागात सगळ्यात नवी, मास्तरांच्या हाताखाली तयार होत असलेली. तिची ड्रॉइंगं लाल व्हायची ती इतरांच्या दुप्पट, पण मास्तर तिला शेजारी बसवून का लाल केलं तेही सांगायचे. तिने खोली नाही विचारली. तिने विचारलं, ‘ताई, असं विचारलेलं चालतं का हो? मोठ्या माणसाला?’

‘न चालायला काय झालं? त्यांनी बोलावलंय, तुला जायचंय. नीट विचारलं की झालं.’

‘नीट म्हणजे कसं?’

मी तिला खुर्ची दिली. या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही. अर्धवट आमंत्रणं निस्तरण्यात माझी हयात गेली आहे.

‘एक, फक्त त्यांनाच लिहायचं. सगळ्यांना उत्तर पाठवलंस तर चारचौघांत त्यांची चूक काढल्यासारखं होतं. दोन, आधी येते म्हणून सांगायचं, मग विचारायचं. म्हणजे यायचं टाळायला विचारतेय असं वाटत नाही. तीन, तुम्ही लिहिलं नाही असं म्हणायचं नाही. माझ्याकडे दिसत नाही असं म्हणायचं. आणि खरंच तसं असू शकतं. कधीकधी त्यांच्या कॅलेंडरवर असतं आणि आपल्यापर्यंत पोचत नाही.’

‘आणि विषय? कशाबद्दल आहे ते विचारू?’

‘तसं थेट नको. तयारी काय करून येऊ, ते विचार. सांगायचं असेल तर विषय आपोआप सांगतील, नसेल तर त्यांनाही अडचण नाही.’

तिने माझ्यासमोर बसूनच लिहिलं. ‘सर, गुरुवारी चार वाजता नक्की येते. आमंत्रणात जागा माझ्याकडे दिसत नाहीये. कुठे भेटायचं ते कळवाल का? घरून काम करणाऱ्यांसाठी लिंक असेल तर तीही. येताना काही वाचून किंवा घेऊन यायचं असेल तर सांगा, तयारी करून येते.’

‘झकास,’ मी म्हटलं. ‘पाठव आता.’

‘जागेवर जाऊन एकदा वाचते आणि पाठवते,’ असं म्हणून ती गेली. तिथेच घात झाला. तिच्या शेजारच्या टेबलावर बुवा.

बुवांनी वाचलं आणि मान हलवली. ‘अगं, मास्तर तीस वर्षं ड्रॉइंगवर एक माप सुटलं तरी पकडतायत. ते जागा लिहायला विसरतील? मुद्दाम नाही लिहिलंय. काहीतरी नाजूक असणार. कोणाला तरी काढणार असतील, नाहीतर आपल्यातल्याच कोणाची तरी तक्रार गेली असेल. तू सगळ्यात नवीन. मांजराच्या गळ्यात घंटा तू कशाला बांधतेस? मी विचारतो. मी जुना आहे, माझं चालतं.’

तिने ते पत्र पुसून टाकलं. हे मला शुक्रवारी कळलं. सोमवारी मी गृहीत धरलं की पाठवलं असेल आणि तिला उत्तरही आलं असेल. वहिनींनी आणि घरकोंबड्याने गृहीत धरलं की बुवा विचारणार आहेत. आणि बुवा विचारायला गेले, हेही खरं आहे. बुधवारी दुपारी एका बिजागरीचं ड्रॉइंग घेऊन ते मास्तरांच्या केबिनमध्ये गेले. बिजागरीवर चांगलं अर्धा तास बोलले. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, ‘मग... उद्या आहेच.’

मास्तर म्हणाले, ‘हो, उद्या आहेच. याल ना?’

‘म्हणजे काय, येणारच.’

आणि बाहेर आले. मास्तरांचा चेहरा खुलला होता म्हणे. बुवांना वाटलं, बिजागरी आवडली.

आता मास्तरांची बाजू सांगते. सोमवारी त्यांनी आमंत्रण पाठवलं ते फोनवरून, डायरेक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडता पडता, धीर आहे तोवर पाठवून टाकू म्हणून. मंगळवारी टेबलावर बसून त्यांनी ते नीट भरलं. जागेत लिहिलं, ‘नमुन्यांची खोली’. खाली लिहिलं, ‘तुम्हा चौघांना एक प्रश्न विचारायचा आहे. तयारी नको.’ घरकोंबड्यासाठी लिंकही जोडली. मग खिडकी बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, बदल सगळ्यांना कळवायचे की नुसते जपून ठेवायचे? मास्तरांना एका कामासाठी दोन मेल आलेले खपायचे नाहीत. ‘लोकांची डोकी का खायची?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना वाटलं, कॅलेंडर एकच आहे, इथे लिहिलं की तिथे दिसणारच. नुसतं जपून ठेवलं. त्यांच्या पडद्यावर सगळं भरलेलं. विभागातल्या चौघांच्या पडद्यावर सोमवारचंच रिकामं. तेही शिष्टाचाराने वागले आणि आमचे लोकही शिष्टाचाराने वागले.

नमुन्यांची खोली अंगणापलीकडच्या जुन्या शेडमध्ये आहे. ती माझ्या बुकिंगच्या यादीत नाही, कारण तिथे कोणी मीटिंग घेत नाही, आणि तिची एक किल्ली मास्तरांकडेच असते. तिथे आमच्या सगळ्या खुर्च्यांचा पहिला-पहिला नमुना ठेवलेला असतो. आमच्या मीटिंगच्या खोल्या काचेच्या. असला प्रश्न मास्तर काचेच्या खोलीत विचारणं शक्य नव्हतं.

गुरुवारी चारला बुवा आणि वहिनी मास्तरांच्या केबिनबाहेर उभे. केबिन बंद. धाकटी मोठ्या मीटिंगरूममध्ये वही-पेन घेऊन एकटीच. घरकोंबडा घरी, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा, पडद्याकडे डोळे लावून. चौघांचे एकमेकांना निरोप. ‘सुरू झाली का?’ ‘तुम्ही कुठे?’ ‘मास्तर दिसले का कोणाला?’ मी खालून ओरडले, ‘अरे, फोन लावा ना त्यांना!’ तर बुवा जिन्यावरून म्हणाले, ‘ताई, ते कुठल्यातरी मीटिंगमध्ये असतील. उगाच त्रास कशाला?’

मी लावायला हवा होता. हात फोनकडे गेलाही. मग वाटलं, आपल्याला आमंत्रण नाही, नसती उठाठेव कशाला.

साडेचार झाले तसे सगळ्यांचे खांदे सैल पडले. काही वाईट ऐकावं लागणार होतं, ते टळलं. बुवा म्हणाले, ‘रद्द झाली असणार. चला, चहा घेऊ.’ आमचं चहाचं मशीन तळमजल्यावर, अंगणाच्या दाराशीच. तिथे बुवांनी आपली केबिनबाहेरची पहारेगिरी रंगवून सांगितली, वहिनींनी घरकोंबड्याला फोन स्पीकरवर लावला, आणि तो पायजम्याचं सांगताना धाकटी इतकी हसली की चहा सांडला.

तेवढ्यात अंगणातून मास्तर आले.

ते दारात थांबले. चौघांपैकी तिघं समोर, चौथ्याचा आवाज फोनमध्ये, सगळे हसतायत. ते अर्धा तास तिकडे बसले होते. फोनवर चौघांचं ‘अ‍ॅक्सेप्ट’ पुन्हा पुन्हा बघत होते. चौघंही येतो म्हणाले आणि एकही आला नाही; याचा अर्थ त्यांनी लावला तो आपण कोणीही लावला असता.

‘चहा झाला का?’ त्यांनी विचारलं.

‘हो सर,’ बुवा म्हणाले. ‘तुम्ही घेणार?’

‘नको. घ्या तुम्ही.’

त्या क्षणी एकाने जरी तोंड उघडलं असतं! सर, मीटिंगचं काय झालं, एवढंच. चौघांच्याही ओठांवर होतं ते. पण रद्द झालेली मीटिंग उकरून कोण काढणार? मास्तर जिना चढून थेट डायरेक्टरांकडे गेले आणि सांगून आले की मी थांबत नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला सूचना आली. महिनाअखेर मास्तर निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागी दुसऱ्या कंपनीतले एक गृहस्थ येत आहेत.  धाकटी तर जागेवरून उठेचना. बुवा म्हणत राहिले, ‘हेच सांगायचं होतं त्यांना. हेच. सांगितलं नाही बघ शेवटी.’

मला नमुन्यांच्या खोलीतून एक बाक प्रदर्शनासाठी काढायचं होतं, म्हणून किल्ली घेऊन गेले. दार उघडलं तर मधली जागा मोकळी केलेली. पाच खुर्च्या गोलात मांडलेल्या. चार आमच्या चांगल्यातल्या, आणि पाचवी ती वाढणारी, अर्धी झालेली. एका स्टुलावर लॅपटॉप ठेवायला पुस्तकांची चवड, पडदा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून. घरकोंबड्याची सोय.

मी दार लावलं. मग परत आले आणि बुवांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, ‘तुम्ही मास्तरांना जागा विचारली होतीत ना?’ बुवांनी माझ्याकडे बघितलं नाही. धाकटीला विचारलं, ‘तू पाठवलंस ना?’ तिने मान हलवली, नाही म्हणून. वहिनी खाली बघत राहिल्या. मी त्यांना खोलीत काय बघितलं ते सांगितलं. पुढे कोणाला काही समजावावं लागलं नाही.

आम्ही सगळे मास्तरांच्या केबिनमध्ये गेलो. घरकोंबड्याला वहिनींनी फोनवर घेतलं. मास्तर उठून उभे राहिले, कुठेतरी आगच लागल्यासारखे.

‘सर,’ धाकटी म्हणाली, ‘काल तुम्ही आम्हाला कुठे बोलावलं होतंत?’

 मास्तरांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. नमुन्यांची खोली. तुम्हा चौघांना एक प्रश्न विचारायचा आहे. तिने आपला फोन त्यांच्यासमोर धरला. त्यावर काहीच नाही.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा या पडद्याकडे, एकदा त्या.

‘मला वाटलं, इथे लिहिलं की पोचतं,’ ते म्हणाले. मग, ‘म्हणजे तुम्ही यायला...’

‘आम्ही आलो होतो सर,’ बुवा म्हणाले.  ‘इथे, तुमच्या दाराशी उभे होतो. ही मोठ्या मीटिंगरूममध्ये बसली होती. सगळे आलो होतो. फक्त तुम्ही होतात तिथे नाही.’

‘तुम्ही एक फोन करायचा होता सर,’ वहिनी म्हणाल्या.

‘बोलावून जो आला नाही, त्याला पुन्हा कसं बोलवायचं, वहिनी?’ मास्तर हळूच म्हणाले. ‘एकाने जरी विचारलं असतं ना, कुठे यायचं... “कुठे” असं विचारणाऱ्याला यायचंच असतं. मी आठवडाभर तेवढ्याचीच वाट बघत होतो. मला वाटलं, कोणी काही विचारत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. आणि येत नाहीत, म्हणजे सगळ्यांचं ठरलं आहे.’

मी म्हटलं, ‘मी जाते डायरेक्टरांकडे. आत्ता. दहा मिनिटांचं काम आहे.’

‘जाऊन आलीस तरी काय? त्या गृहस्थांनी आज सकाळी तिकडे राजीनामा दिला. डायरेक्टरांनी त्यांना आधीपासून तयार ठेवलं होतं, मी नाही म्हटल्यावर कालच होकार कळवला. त्यांचं घरदार आहे. माझ्यासाठी त्यांना अधांतरी ठेवायचं?’

 बुवा कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि ते बघून गेलाही.

धाकटी मात्र हलली नाही. ‘सर, तुम्ही काय विचारणार होतात?’

‘आता काय उपयोग आहे त्याचा?’

‘नसू दे उपयोग. विचारा ना.’

मास्तर टेबलाला टेकून उभे राहिले. पोरीकडे बघत, मग एकेकाकडे, मग वहिनींच्या हातातल्या फोनकडे. त्यांना लाज वाटत होती, ते स्पष्ट दिसत होतं.

‘मी अजून दोन वर्षं थांबलो तर तुम्हाला चालेल का?’

‘हो,’ तिघं एकदम म्हणाले. फोनमधून चौथा ‘हो’ जरा उशिरा आला, नेटवर्कमुळे.

मास्तरांनी मान डोलावली. ‘बरं झालं,’ ते म्हणाले, आणि खणातली ड्रॉइंगं काढून कोणती कोणाला द्यायची ते बघू लागले.